गळत्या नळाचे महिन्याचे पाणी: मिनिटाच्या थेंबांवरून अंदाज कसा काढावा

गळणाऱ्या नळातून महिन्याला किती पाणी जाते हे काढण्यासाठी तीन आकडे लागतात: मिनिटाला पडणारे थेंब, एका थेंबात असलेले पाणी आणि महिन्यात तो नळ प्रत्यक्ष किती मिनिटे गळतो. तिन्हींचा गुणाकार केला की उत्तर मिळते. पहिला आकडा कोणीही घड्याळ घेऊन मोजू शकतो, त्यामुळे सगळे लक्ष तिकडेच जाते. मोठी चूक मात्र उरलेल्या दोन आकड्यांत होते, कारण थेंबाचे माप आपण कुठून तरी उचलतो आणि नळ चोवीस तास गळतो असे गृहीत धरतो. या लेखात तिन्ही आकडे आपल्याच घरच्या नळावरून कसे मिळवायचे ते क्रमाने सांगितले आहे. उदाहरण इंदूरच्या सुदामानगरातील एका दुमजली घराच्या स्वयंपाकघरातील नळाचे घेतले आहे.

उसना घेतलेला थेंब का चालत नाही

औषधाच्या हिशेबात २० थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, म्हणजे एक थेंब ०.०५ मिलि. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या गळतीच्या हिशेबात मात्र थेंब पाव मिलिचा धरलेला आहे, म्हणजे ४,००० थेंबांचा एक लिटर. या दोन मापांत पाच पटींचे अंतर आहे. एकाच नळाचे तेच थेंब मोजून एक जण ७० लिटर सांगेल आणि दुसरा ३५० लिटर, आणि गुणाकार दोघांचाही बरोबर असेल.

हे अंतर थेंब कशा प्रकारे लोंबतो यावरून पडते. तोंडाच्या कडेला पाणी पृष्ठताणामुळे धरून राहते, खालून हळूहळू फुगत जाते, आणि त्याचे वजन त्या धरणीला पेलेनासे झाले की सुटते. ज्या कडेला ते लोंबते ती जितकी लांब, तितके जास्त वजन पेलले जाते. ड्रॉपरचे तोंड बारीक असल्याने त्याचा थेंब लहान असतो आणि नळाचे तोंड रुंद असल्याने त्याचा थेंब मोठा असतो. पण घरचे नळ क्वचितच अगदी सरळ बसवलेले असतात. नळ जरासा एका बाजूला कलला असेल तर पाणी संपूर्ण कडेवर न पसरता खालच्या बाजूच्या थोड्याशा भागाला धरून लोंबते आणि थेंब पाव मिलिपेक्षा बराच लहान राहतो. त्यात बोरिंगच्या जड पाण्याचा पांढरा थर कडेवर साचलेला असतो, तोंडाला जाळी असेल तर थेंब तिच्या कोणत्या भागातून पडेल याचा नेम नसतो, आणि भांडी घासताना साबणाचा हात लागला की पृष्ठताण कमी होऊन थेंब काही वेळ लहान पडतात. म्हणून एकाच घरातील दोन नळांचे थेंबही सारखे मानू नयेत.

आधी नळ कोणत्या पाण्यावर आहे ते पाहावे

मोजणीला बसण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा, कारण तिसरा आकडा, म्हणजे गळतीची मिनिटे, यावरच ठरतो. इंदूरच्या अनेक वसाहतींत नर्मदेचे पाणी दिवसाआड आणि ठरावीक वेळच येते. अंगणातील किंवा हौदावरील नळ बहुधा थेट त्या लाइनवर असतो, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर व संडासातील नळ गच्चीवरच्या टाकीवर असतात. टाकीवरचा नळ टाकीत पाणी असेपर्यंत रात्रंदिवस गळतो. थेट लाइनवरचा नळ पाणी आले की गळतो आणि पाणी गेले की थांबतो.

समजा दोन नळ आहेत, दोन्ही मिनिटाला ६० थेंब गळतात आणि दोन्हींचा थेंब ०.१७ मिलि आहे. टाकीवरच्या नळाला ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे मिळतात आणि त्यातून सुमारे ४४० लिटर पाणी जाते. थेट लाइनवरच्या नळाला दिवसाआड एक तास पाणी येत असेल तर महिन्यात १५ तास, म्हणजे ९०० मिनिटे मिळतात, आणि त्यातून जेमतेम ९ लिटर जाते. सकाळी पाण्याच्या वेळी अंगणातला नळ जोरात गळताना दिसतो आणि प्लंबरला आधी तिकडे नेले जाते, तर न्हाणीघरातला नळ मुकाट गळत राहतो. माझ्या मते दुरुस्तीचा क्रम ठरवताना हा एकच फरक बाकी सगळ्या बारकाव्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

नळ टाकीवर आहे की लाइनवर हे ठाऊक नसेल तर ज्या दिवशी पाणी येत नाही त्या दिवशी तो उघडून पाहावा. पाणी आले तर तो टाकीवर आहे.

थेंबांची मोजणी

नळ रोज जितका घट्ट बंद करतो तितकाच बंद करावा. मोजणीसाठी मुद्दाम जोर लावून पिळला तर गळती कमी दिसते आणि तो हिशेब त्या घराचा राहत नाही. बंद केल्यावर दहा मिनिटे थांबावे, कारण तोटीच्या वाकड्या भागात राहिलेले पाणी काही वेळ ठिबकत असते आणि ते गळतीत धरायचे नसते. उंच, वाकड्या मानेच्या नळात हे पाणी जास्त वेळ निघते, म्हणून तिथे आणखी थोडे थांबावे.

मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पूर्ण दोन मिनिटे थेंब मोजावेत आणि दोनने भागावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह टाळावा, कारण मोजणीत एक थेंब इकडचा तिकडे झाला तर गुणाकारात तो चार होतो. पहिला थेंब पडताना 'शून्य' म्हणून घड्याळ सुरू करावे, 'एक' म्हणून नव्हे, नाहीतर एक थेंब नेहमी जास्त मोजला जातो.

मोठा थेंब सुटताना त्याच्या मागे एखादा बारीक शिंतोडाही तुटून पडतो. सुदामानगरच्या घरी मोजणी चालू असताना मावशीने नेमके हेच विचारले, "मोठेच मोजायचे की मधले बारीकही?" फक्त मोठे मोजावेत. पुढे थेंबाचे माप काढतानाही फक्त मोठेच मोजायचे आहेत आणि त्या वेळी बारीक शिंतोड्यांचे पाणी आपोआप त्याच भांड्यात जमा होते. दोन्ही वेळा नियम एकच असला की हिशेब जुळतो.

मोजणी दिवसातून एकदा करून भागत नाही. टाकीवरच्या नळाला जो दाब मिळतो तो टाकीतील पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंतच्या उंचीएवढा असतो. टाकीचा तळ नळाच्या ३ मीटर वर असेल आणि भरलेल्या टाकीत एक-सव्वा मीटर पाणी असेल, तर टाकी भरलेली असताना आणि तळाशी गेलेली असताना दाबात सुमारे पाव हिश्शाचा फरक पडतो. झिजलेल्या वॉशरच्या बारीक फटीतून येणारे थेंबही साधारण त्याच प्रमाणात कमी होतात. म्हणून टाकी भरल्यानंतर, दुपारनंतर आणि रात्री निजण्यापूर्वी असे तीनदा मोजावे. बहुमजली इमारतीत एकाच टाकीवरचे नळ असले तरी तळमजल्याला दाब जास्त असतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी काढलेला आकडा खालच्यांनी वापरू नये.

थेंबाचे माप

यासाठी मेडिकलच्या दुकानात मिळणारी १० मिलिची सिरिंज सुईशिवाय पुरेशी आहे. घरात स्वयंपाकाचा डिजिटल वजनकाटा असेल तर तो अधिक सोयीचा, कारण एक ग्रॅम पाणी म्हणजे व्यवहारात एक मिलिच. औषधाच्या बाटलीवरचे टोपण वापरू नये, त्यावरच्या खुणा इतक्या दूर असतात की अंदाजावर अंदाज चढतो.

स्टीलचा पेला घ्यावा, तो आतून ओला करून उपडा धरून झटकावा आणि मग काट्यावर ठेवून शून्य करावा. ओला करण्याचे कारण असे की कोरड्या पेल्यातून सिरिंजने पाणी काढताना काही थेंब भिंतीला चिकटून राहतात आणि माप कमी येते. नळ गळत असताना पेला तोंडाखाली अगदी जवळ, चार-पाच बोटांच्या अंतरावर धरावा, म्हणजे शिंतोडे बाहेर उडत नाहीत. मात्र पेल्याची कड नळाला टेकू देऊ नये. टेकली की पाणी थेंब न होता कडेवरून ओघळते आणि मोजणी फसते.

असे २०० थेंब पेल्यात जमा करावेत. मिनिटाला ३५ च्या आसपास थेंब असतील तर सहा मिनिटांत हे काम होते. मोजताना प्रत्येक वीस थेंबांना एक रेघ कागदावर ओढली तर मध्येच कोणी हाक मारली तरी मोजणी बिघडत नाही. मग पाणी सिरिंजने भरून भरून मोजावे किंवा काट्यावर वजन पाहावे. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा शिरला असेल तर तोंड वर करून तो बाहेर काढूनच खूण वाचावी. हे तीनदा करून सरासरी काढावी. तीन मापांत एक-दोन मिलिपेक्षा जास्त फरक आला तर बहुधा थेंब कडेच्या एकाच जागेवरून पडत नाहीत. अशा वेळी जाळी असलेल्या नळाची जाळी फिरवून काढावी, कड कापडाने पुसावी आणि पुन्हा मोजावे.

आमच्या उदाहरणात तीन वेळची मापे ३४, ३३ आणि ३५ मिलि आली. सरासरी ३४ मिलि आणि थेंब २००, म्हणजे एक थेंब ०.१७ मिलि. औषधाच्या थेंबाच्या तिपटीहून जास्त आणि पाव मिलिच्या दोन-तृतीयांशाएवढा.

पूर्ण हिशेब

त्या घरी टाकी सकाळी सातला भरतात. भरल्यानंतर मिनिटाला ४० थेंब पडत होते, दुपारनंतर ३४ आणि रात्री ३०. रात्री कोणी पाणी वापरत नाही, त्यामुळे पातळी फारशी बदलत नाही आणि रात्रीचा वेग सकाळपर्यंत टिकतो. म्हणून दिवसाचे तीन भाग केले. सकाळी सात ते दुपारी एक या सहा तासांना ४०, एक ते रात्री नऊ या आठ तासांना ३४, आणि नऊ ते सकाळी सात या दहा तासांना ३० असा वेग धरला.

पहिल्या भागात ३६० मिनिटे आहेत, म्हणजे १४,४०० थेंब. दुसऱ्यात ४८० मिनिटे, म्हणजे १६,३२० थेंब. तिसऱ्यात ६०० मिनिटे, म्हणजे १८,००० थेंब. दिवसाची बेरीज ४८,७२० थेंब होते. त्याला ०.१७ ने गुणले की दिवसाला सुमारे ८,२८० मिलि, म्हणजे सव्वाआठ लिटरांहून किंचित जास्त पाणी येते. ३० दिवसांचे झाले सुमारे २४८ लिटर. सांगताना २५० लिटर म्हणावे, कारण या मोजणीत शेवटच्या एक-दोन लिटरांची खात्री देता येत नाही.

याच थेंबांना औषधाचा थेंब लावला असता तर उत्तर ७३ लिटर आले असते आणि पाव मिलिचा लावला असता तर ३६५ लिटर. थेंबाचे माप बरोबर घेऊनही फक्त सकाळची मोजणी महिनाभर लावली असती तर २९४ लिटर दिसले असते, म्हणजे खऱ्याहून सुमारे १८ टक्के जास्त. थेंबाच्या मापातली चूक किती मोठी आणि वेळेची त्या मानाने किती लहान, हे या तीन आकड्यांवरून कळते. वेळ कमी असेल तर मोजणी दोनदाच करावी, पण थेंब मोजून घेण्याचा टप्पा गाळू नये.

गळतीमुळे घरच्या मोटरचे बिल वाढते असे सांगितले जाते, ते मात्र पटण्यासारखे नाही. २५० लिटर पाणी दहा मीटर चढवायला लागणारी वीज इतकी थोडी असते की बिलात ती दिसणारच नाही. खरा खर्च त्याआधी झालेला असतो. इंदूरचे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून येते. नदीकाठ आणि शहर यांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. १,००० लिटर पाणी एवढे वर उचलायला, पंपात आणि पाइपात वाया जाणारी वीज न धरताही, एक युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. स्वयंपाकघरातला हा एक नळ त्या १,००० लिटरांपैकी पाव हिस्सा दर महिन्याला मोरीत सोडत होता.

रात्रीच्या पाण्याने पडताळा

हिशेब बरोबर आहे की नाही हे एका रात्रीत कळते. निजण्यापूर्वी नळाखाली पातेले ठेवावे, वेळ लिहावी आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी जमलेले पाणी मोजावे. आठ तासांत मिनिटाला ३० थेंबांप्रमाणे १४,४०० थेंब, म्हणजे सुमारे २,४५० मिलि पाणी अपेक्षित होते. पातेल्यात २,३७० मिलि मिळाले. फरक तीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो बहुतेक शिंतोड्यांचा असावा. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घ्यावा. त्याहून कमी पाणी जमले तर शिंतोडे बाहेर उडत आहेत किंवा रात्रीत टाकी रिकामी झाली असे समजावे. जास्त जमले तर बहुधा रात्री कोणीतरी नळ उघडला आहे.

शिंतोडे टाळायला नळाच्या तोंडाला सुताचा जाडसर धागा बांधून त्याचे टोक पातेल्यात सोडावे, म्हणजे पाणी धाग्यावरून गुपचूप उतरते. हा उपाय रात्रीच्या जमवणीपुरताच आहे. थेंबाचे माप काढताना धागा बांधला तर थेंबच बदलतो.

मग नुसते पाणीच जमवावे, थेंब कशाला मोजावेत, असे कोणाला वाटेल. जिथे रात्रभर भांडे ठेवता येते तिथे तो मार्ग चांगलाच आहे. पण त्यातून फक्त रात्रीचा वेग कळतो, आणि दिवसा नळ वापरात असताना पाणी जमवता येत नाही. थेंबांची मोजणी कोणत्याही वेळी दोन मिनिटांत होते, आणि एकदा थेंबाचे माप हाती आले की पुढच्या प्रत्येक वेळी तेवढीच पुरते.

ही रीत कुठे लागू पडत नाही

थेंब फार वेगाने पडू लागले, साधारण सेकंदाला तीनच्या वर गेले, की डोळ्यांनी मोजणे अवघड होते आणि थेंबाचा आकारही बदलू लागतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून मोजता येते, पण थेंबांची सलग धार व्हायला लागली असेल तर थेंब सोडून द्यावेत. तेव्हा लिटरभराचे भांडे भरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे आणि ४३,२०० ला त्या मिनिटांनी भागावे. महिन्याचे लिटर थेट मिळतात.

चावीच्या दांड्यापाशी पाणी पाझरून नळाच्या अंगावरून ओघळत असेल तर तेही थेंबाच्या हिशेबात येत नाही. तिथे कोरडे फडके गुंडाळून तासाभराने त्याचे वजन करावे. कोरड्या आणि ओल्या फडक्याच्या वजनातला फरक म्हणजे तासाचे मिलि. फडक्यातून पाणी खाली ठिबकू लागले तर तास न धरता पंधरा मिनिटांनीच वजन करावे.

पाण्याच्या मीटरवर मात्र अशा गळतीसाठी विसंबू नये. आमच्या उदाहरणातला प्रवाह तासाला अर्धा लिटरही नव्हता, आणि घरगुती यांत्रिक मीटरचे चक्र इतक्या मंद प्रवाहाने सहसा फिरतच नाही. मीटर स्थिर आहे म्हणून गळती नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

एकदा काढलेला गुणक पुढे कसा वापरावा

०.१७ मिलिला ४३,२०० ने गुणून १,००० ने भागले की ७.३४ येतात. याचा अर्थ असा की या नळाच्या दर मिनिटाच्या एका थेंबामागे महिन्याला ७.३४ लिटर पाणी जाते. हा गुणक त्या नळापुरता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सिंकच्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावून ठेवावा. पुढे सरासरी थेंबांना त्याने गुणले की झाले. दुसऱ्या नळासाठी थेंब नव्याने मोजून वेगळा गुणक काढावा. नळाच्या तोंडावरचा क्षार घासून काढला, जाळी बदलली किंवा नळच बदलला तर जुना गुणक रद्द समजावा. वॉशर बदलल्याने मात्र तो बदलत नाही, कारण वॉशर थेंबांची संख्या ठरवतो आणि थेंबाचा आकार तोंडाची कड ठरवते.

गळती कायम असेल तर आठवड्यातून एकदा, टाकी भरल्यानंतरच्या ठरलेल्या वेळी, थेंब मोजावेत. वेळ तीच ठेवली की दाबाचा फरक मध्ये येत नाही, आणि आकडा ४० वरून ५० वर गेला तर वॉशर आणखी कापला जात आहे हे निश्चित कळते. नवा वॉशर घालूनही थेंब पहिल्याइतकेच पडत असतील तर दोष वॉशरचा नसून तो ज्या पितळी बैठकीवर टेकतो तिला खाच पडली आहे. तिच्यावर नवा वॉशरही लवकरच कापला जातो, म्हणून प्लंबरला बैठक घासून सपाट करायला किंवा नळ बदलायला सांगावे. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वॉशर नसतो. त्यांच्या आतल्या कार्ट्रिजमध्ये बारीक वाळू किंवा क्षार अडकला की ते गळतात, आणि कार्ट्रिज धुऊनही थेंब थांबले नाहीत तर ते बदलावे लागते.

दुरुस्ती झाल्यावर पहिले दहा मिनिटे पडणारे थेंब मनावर घेऊ नयेत. त्यानंतर तोंड पुसून कोरडे करावे, खाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवावा आणि टाकी भरलेली असताना, म्हणजे दाब सर्वांत जास्त असताना, अर्ध्या तासाने तो पाहावा. कागदावर एकही ओला ठिपका नसेल तरच प्लंबरला पैसे द्यावेत.